मागे टाकायचा चेंडू आणि पुढे उभी राहिलेली मुलं: मिश्र वर्गातल्या टॅग रग्बीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूरपासून साधारण तासाभराच्या अंतरावरच्या तालुक्याच्या गावातली ही अनुदानित शाळा. सातवीचा एक वर्ग, पट ४४: मुलं २५, मुली १९. शारीरिक शिक्षणाचे आठवड्याला दोन तास, प्रत्येकी ३५ मिनिटांचे. त्यातली पाच-सहा मिनिटं वर्गातून मैदानावर यायला आणि हजेरीला जातात. दिवाळीच्या सुट्टीनंतर सहा आठवडे, म्हणजे बारा तास, या वर्गाला टॅग रग्बी शिकवायचं मी ठरवलं. शाळेची आणि मुलांची ओळख पटेल असा तपशील इथे गाळला आहे. बाकी सगळं माझ्या टाचणवहीतलं.

हा खेळ निवडायचं कारण साधं होतं. वर्गातली निम्मी मुलं कबड्डी खेळणारी, मुली बहुतेक खो-खोच्या, आणि फुटबॉल तर कोल्हापूरच्या हवेतच आहे. या तिन्ही खेळांत सगळा वर्ग एकत्र कधीच येत नाही. टॅग रग्बीत कंबरेला पट्टा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना व्हेल्क्रोने चिकटवलेली एकेक फीत. चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडायचं नाही, धरायचंही नाही, फक्त त्याची एक फीत काढायची. फीत काढणाऱ्याने ती हात वर करून दाखवायची, ‘टॅग!’ म्हणून ओरडायचं आणि पळणाऱ्याच्या हातात परत द्यायची. पळणाऱ्याने तीन पावलांत चेंडू सहकाऱ्याकडे द्यायचा, फीत पुन्हा लावायची आणि मगच खेळात यायचं. चेंडू फक्त मागे किंवा आडवा फेकायचा, पुढे नाही. समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, म्हणजे एक गुण. पायाने चेंडू मारायचा नाही.

सामान म्हणजे २० पट्टे, तीन नंबरचे दोन रग्बी चेंडू, प्लास्टिकचे कोन आणि चुन्याची फक्की. आखलेलं मैदान एकच होतं, खो-खोचं: २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद. पहिला तास मी त्यावरच घेतला. पुढच्या बऱ्याच गोंधळाचं मूळ त्यात होतं, पण ते मला उशिरा कळलं.

पहिले तीन तास

पहिल्या दिवशी मी मुलांना बसवून नियम सांगितले, फळ्यावर बाण काढले आणि सात-सातचे दोन संघ उतरवले. बाकीचे तीस जण कडेला बसून ओरडत होते. चेंडू पुढे फेकला की मी शिट्टी वाजवायचो. दहा मिनिटांत इतक्या वेळा वाजवली की एका मुलाने विचारलं, “सर, खेळायचं कधी?”

दुसऱ्या तासाला विज्ञानाच्या बाईंना मी एक विनंती केली. दहा मिनिटांच्या खेळात चेंडू कोणाच्या हातात किती वेळा जातो ते त्यांनी मोजावं. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर रेघा ओढल्या. मुलांच्या नावावर ३१, मुलींच्या नावावर ४. त्या चारांतल्या दोन वेळाही एकाच मुलीच्या होत्या. दोन्ही संघांत मुलं चार आणि मुली तीन, म्हणजे संख्येत फार फरक नव्हता.

तिसऱ्या तासाला अपघात झाला. चेंडू घेऊन एक मुलगा कडेने पळत होता. त्याची फीत काढायला एक मुलगा डावीकडून आणि एक मुलगी उजवीकडून आली. दोघांची नजर त्या फितीवर. पळणारा मधून निसटला आणि या दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. मुलीचा ओठ फुटला, मुलाच्या भुवईवर टेंगूळ आलं. खेळ थांबवला. दोघांनाही त्या दिवशी पुन्हा उतरवलं नाही आणि दोन्ही घरी फोन केला. डोक्याला मार असल्याने उलटी, वाढती डोकेदुखी किंवा गोंधळल्यासारखं वागणं दिसतं का, ते रात्रभर पाहायला सांगितलं आणि डॉक्टरांना दाखवायचा आग्रह धरला. सुदैवाने दोघेही बरे होते.

दुसऱ्या दिवशी मुलीची आई शाळेत आली. ओठाबद्दल तिची तक्रार नव्हती. “सर, खेळताना लागतं, त्याचं काही नाही. पण पोरं पोरींच्या कमरेला हात घालतात म्हणं. ते काय बरं दिसतं का?”

मुख्याध्यापकांनी मला बोलावलं आणि सोपा उपाय सुचवला: मुलांचा तास वेगळा, मुलींचा वेगळा.

नेमकं काय बिघडलं होतं

तो उपाय मान्य करण्याआधी मी एक तास मागून घेतला. त्या तासाला शिट्टी बाईंच्या हातात दिली आणि मी नुसता कडेला उभा राहिलो. जे दिसलं ते मी आधी का पाहिलं नाही, याची लाज वाटली.

मुलींकडे चेंडू जात नव्हता, कारण बहुतेक मुली चेंडूच्या पुढे उभ्या होत्या. फुटबॉल पाहून, हँडबॉल खेळून त्यांना एवढं माहीत होतं की चेंडू हवा असेल तर समोरच्या रेषेजवळ मोकळ्या जागेत जाऊन हात वर करायचा. त्या अगदी शहाण्यासारखं वागत होत्या, फक्त खेळ वेगळा होता. या खेळात चेंडूच्या पुढे उभ्या असलेल्या सहकाऱ्याला चेंडू देताच येत नाही. मुलं चेंडूच्या मागे होती, पण समजून नव्हे. सगळीच चेंडूमागे धावत होती म्हणून आपोआप मागे राहत होती. म्हणजे चेंडू न देणाऱ्या मुलांइतकाच दोष माझ्या शिकवण्याचा होता. ‘चेंडू मागे टाका’ हे मी फेकणाऱ्याला सांगितलं होतं. चेंडू घेणाऱ्याने कुठे असायचं ते कोणालाच सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट धक्क्यांची. धक्के तीन प्रकारचे होते. कबड्डीच्या मुलांचे हात सवयीने कंबरेला मिठी घालत होते. फीत हाताला लागली तरी दुसरा हात पळणाऱ्याला थांबवायला जायचाच. काही पळणारे समोर बचाव करणारा उभा असताना खाली मान घालून सरळ त्याच्यावर जात होते. तिसरा प्रकार अपघाताचा: दोन बचाव करणारे एकाच फितीवर. आणि तिन्ही प्रकारांना मैदानाची रुंदी खतपाणी घालत होती. सोळा मीटरमध्ये सात जण उभे केले तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वादोन मीटर येतात. हात पसरले की शेजाऱ्याला लागतात. पळणाऱ्याला जायला दारच नाही, तर तो भिंतीवरच आपटणार.

तिसरी गोष्ट किरकोळ दिसणारी. मुलींचा गणवेश सलवार-कमीज, त्यावर पट्टा बांधला की तो कंबरेवर वर सरकायचा. फिती आखूड, तळहाताएवढ्याच. फीत पकडायला गेलेला हात शरीराला लागणारच. म्हणजे आईचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

समोरचे पर्याय

वेगवेगळे तास केले असते तर प्रत्येक मुलाचे खेळाचे तास निम्मे झाले असते, कारण मैदान आणि शिक्षक एकच. शिवाय निदानाशी ते जुळत नव्हतं. चेंडूच्या पुढे उभं राहणं, कंबरेला मिठी घालणं आणि अरुंद मैदान हे नुसत्या मुलांच्या किंवा नुसत्या मुलींच्या तासातही तसंच राहिलं असतं. कबड्डी संघातल्या दोन मुलींची पकड तर मुलांपेक्षा घट्ट होती.

फिती काढून टाकाव्यात आणि नुसता दोन हातांनी स्पर्श केला की टॅग धरावा, हाही विचार केला. पट्ट्यांचा खर्च वाचतो आणि फीत परत लावायचा वेळही. पण स्पर्श झाला की नाही यावर भांडण होतं, आणि खात्री पटवण्यासाठी मुलं स्पर्शाचा फटका करतात. फीत हातात असली की वाद संपतो. आणि अंगाला हात लागू नये ही जी तक्रार होती, तिच्यावर हा उपाय म्हणजे उलटीच दिशा.

तिसरा पर्याय मी खरोखर वापरून पाहिला आणि तो फसला. मुलीने केलेल्या ट्रायला दोन गुण. ऐकायला फार चांगला वाटतो. एका तासात काय झालं? प्रत्येक संघाने सगळ्यात चपळ मुलीला समोरच्या रेषेजवळ नेऊन उभी केली. म्हणजे जी चूक मोडायची होती तीच नियमाने पक्की झाली. बाकीच्या मुलींकडे चेंडू आधीपेक्षा कमी गेला. आणि त्या चपळ मुलीने तासानंतर मला येऊन सांगितलं, “सर, माझ्या ट्रायला एकच गुण द्या. पोरं म्हणतात, तुझं काय, तुला फुकटचा मिळतो.” त्याच दिवशी तो नियम काढला.

उरला चौथा पर्याय: सामने थांबवायचे, खेळ मोडून त्याचे तुकडे करायचे, आणि मैदान, फिती, शिकवण्याचा क्रम तिन्ही बदलायचं. बारापैकी पाच तास खर्ची पडले होते. मुख्याध्यापकांना मी सांगितलं की पुढच्या दोन तासांत सामना होणार नाही, आणि त्यानंतरही धक्के दिसले तर तुम्ही म्हणाल तसं करू.

काय केलं

*फिती आणि कपडे.* गावातल्या टेलरकडून जाड कापडाच्या लांब फिती शिवून घेतल्या. दीड वीत लांब, म्हणजे खालचं टोक मांडीच्या मध्यापर्यंत येतं. हात टोकाला जातो, कमरेला जात नाही. व्हेल्क्रो जुन्या फितींचाच लावला. तासाच्या दिवशी सगळ्यांनी ट्रॅकपँट आणि टी-शर्ट घालायचा, शर्ट आत खोचायचा आणि पट्टा कमरेच्या हाडावर घट्ट बसवायचा. सैल पट्टा पळताना फिरतो, दोन्ही फिती पाठीमागे जातात, मग त्या काढायला मागून मिठीच घालावी लागते. तास सुरू होण्याआधी जोडीदाराने जोडीदाराचा पट्टा तपासायचा नाही, स्वतःचा स्वतः तपासायचा, हेही ठरवून टाकलं. ट्रॅकपँट नसलेल्या पाच-सहा जणांसाठी बाईंनी मोठ्या वर्गातून जुन्या गोळा केल्या.

*फीत काढणं, चेंडूशिवाय.* सहाव्या तासाला चेंडू बाहेर काढलाच नाही. फक्कीने चार मीटर रुंद आणि दहा मीटर लांब अशा पाच पट्ट्या आखल्या. पळणारा एका टोकाने निघतो. बचाव करणारा समोरून येत नाही, तो पट्टीच्या कडेला, मध्यावरच्या कोनापाशी उभा असतो. त्यामुळे गाठ पडते ती तिरकी, समोरासमोर नाही. बचाव करणाऱ्याला सांगितलेलं एवढंच: शेवटची दोन पावलं आखूड टाक, गुडघे वाकव, डोळे फितीच्या टोकावर ठेव, जवळची फीत जवळच्या हाताने घे आणि पळणाऱ्याच्या बाजूने पुढे निघून जा. त्याच्या वाटेत पाय यायला नको.

कबड्डीचा हात मोडायला मला शब्द सापडत नव्हता. ‘पकडू नका’ म्हटलं की मुलं क्षणभर थांबायची आणि मग पकडायचीच. शेवटी म्हणालो, “ओढायची नाही, खुडायची. भेंडी खुडता तशी.” यात गंमत म्हणजे व्हेल्क्रोही तसाच चालतो. फीत सरळ खाली ओढली तर चिकटलेले दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवरून सरकायला विरोध करतात आणि फितीबरोबर अख्खा पट्टा खेचला जातो. तीच फीत बाहेरच्या बाजूला खुडली की एका कडेपासून सोलत जाते आणि सहज हातात येते. मुलांनी दोन्ही करून पाहिलं. त्यानंतर पट्टा धरून लोंबकळणारे जवळजवळ बंद झाले. व्हेल्क्रोत धूळ आणि केस अडकले की फिती नुसत्या पळण्यानेही गळतात, तेव्हा जुन्या टूथब्रशने त्या घासायचं काम दर आठवड्याला एका गटाकडे दिलं.

*पळण्याची वाट.* सातव्या तासाला चेंडू आला, पण एकच नियम घेऊन: चेंडू दोन्ही हातांत. हा एक नियम बरीच कामं करतो. दोन्ही हात चेंडूवर असले की फीत हाताने झाकता येत नाही, समोरच्याला हाताने ढकलता येत नाही, आणि पास द्यायला हात तयार असतात. स्वतःभोवती गिरकी घेऊन फीत वाचवायची नाही, चेंडूसाठी जमिनीवर झेप घ्यायची नाही, हे दोन नियम त्याला जोडले.

वाटेसाठी दोन बचाव करणारे पाच मीटर अंतरावर उभे केले आणि पळणाऱ्याला सांगितलं, माणसाकडे पळू नको, दोघांमधल्या दारातून जा. इथे खो-खोच्या मुलींनी मला आश्चर्यात टाकलं. साखळी खेळाने त्यांची कंबर आणि पावलं इतकी तयार होती की एका हुलीत समोरचा चुकीच्या पायावर जायचा. पण त्याच सवयीची एक अडचण होती. खो-खोत नागमोडी पळणं हाच बचाव असतो, इथे पळणारा आडवा पळत गेला की सगळे बचाव करणारे आणि सहकारी त्याच्या मागोमाग कडेच्या रेषेजवळ गोळा होतात आणि पुन्हा गर्दी. म्हणून सूत्र असं झालं: सरळ, हूल, पुन्हा सरळ. त्या दोघांमधलं दार ओलांडलं की समोरच्या रेषेकडे पळायचं.

बचावाच्या बाजूला अपघाताचं उत्तर हवं होतं. पाच जण एका ओळीत, प्रत्येकाची स्वतःची पट्टी. पळणारा ज्याच्या पट्टीत शिरेल त्याने “माझा!” म्हणून ओरडायचं आणि जायचं. बाकीच्यांनी आपापली पट्टी सोडायची नाही. पहिल्या दिवशी सगळेच “माझा” ओरडत होते. दुसऱ्या दिवशी एकाच वेळी दोघं ओरडले तर दोघांनीही थांबायचं, असं ठरवलं. पळणारा फुकट निघून जायचा, संघ चिडायचा, आणि त्या चिडण्यातूनच कोणाची पट्टी कुठली हे मुलांनी आपसात ठरवून टाकलं.

*मागचा पास.* याला मी सगळ्यात जास्त वेळ दिला. खो-खोच्या खांबाला बांधायचा जुना दोर होता. चार मुलांनी तो हातात धरून तिरक्या ओळीत चालायचं, पहिला सगळ्यात पुढे, त्यानंतरचा प्रत्येक जण आधीच्याच्या दोन पावलं मागे आणि दोन हात बाजूला. आभाळातून जाणाऱ्या बगळ्यांच्या ओळीसारखी. दोर सैल पडला किंवा सरळ आडवा झाला की कोणीतरी जागा सोडली हे मुलांनाच दिसायचं. मग दोर सोडून त्याच आकारात चालत चालत चेंडू पुढून मागे, मग हळू धावत, मग उलट्या बाजूने. उलट्या बाजूने करताना कळलं की वर्गातली सगळ्यात चांगली पास देणारी एक डावखुरी मुलगी होती, जिचं नाव बाईंच्या वहीत तोपर्यंत एकदाही आलं नव्हतं.

सामन्यात शिरताना चेंडू पुढे फेकला गेला तर काय करायचं, हा निर्णयाचा खरा क्षण होता. नियमाप्रमाणे चेंडू समोरच्या संघाला जातो. पहिले दोन तास मी तसं केलं नाही. चेंडू फेकणाऱ्याकडेच परत द्यायचा, आणि ज्याला पास दिला होता *त्याने* मागे यायचं, मग पास पुन्हा. शिक्षा कोणालाच नाही, पण चालावं लागायचं घेणाऱ्याला. दोन-तीनदा मागे चालत आल्यावर मुलं आपणहून चेंडूच्या मागे राहायला लागली. दहाव्या तासापासून पूर्ण नियम लावला.

त्यावरून एक वाद मात्र शेवटपर्यंत चालला. वेगाने पळणाऱ्याने हात मागे नेत पास दिला, तरी त्याच्या धावण्याच्या वेगामुळे चेंडू जमिनीच्या हिशेबाने थोडा पुढेच पडतो. मुलं जमिनीवरची जागा दाखवून भांडायची. रग्बीच्या कायद्यात पाहायचं असतं ते हातांकडे: चेंडू सोडताना हात समोरच्या रेषेकडे गेले का. मी एका मुलाला धावत धावत चेंडू सरळ वर उडवायला लावला. तो त्याच्याच हातात परत पडला. “बघा, हा वर उडवला, तरी पुढे आला की नाही?” वाद थांबला नाही, पण निदान कशावरून भांडायचं ते ठरलं.

*मैदान आणि संघ.* खो-खोचं मैदान सोडलं. पटांगणावर ३५ बाय २५ मीटरची दोन मैदानं आखली, पाच-पाचचे चार संघ. प्रत्येक बचाव करणाऱ्याला पाच मीटर. वीस पट्टे, वीस खेळाडू. चौघं पंच आणि टॅग मोजणारे, उरलेले वीस जण टोकाला पासची तिरकी ओळ करत, आणि सहा मिनिटांनी अदलाबदल. कोणी नुसतं बसलेलं नाही. पाळीच्या दिवसांत पळायचं नसेल तर मुलीने बाईंना सांगून पंचाची शिट्टी घ्यायची. कारण मला सांगायची गरज नाही. मुलांनाही पंच व्हायचं असायचं, त्यामुळे शिट्टी कोणाकडे का आहे याची चर्चा झाली नाही.

चार टॅग झाले की चेंडू समोरच्या संघाकडे. त्या चार टॅगांत प्रत्येक पास अजून चेंडू न मिळालेल्याकडेच द्यायचा, असा नियम मी घातला आणि दोन दिवसांत तो उलटला. बचाव करणारे मोजत राहायचे आणि उरलेल्या एकावरच जाऊन उभे राहायचे. तो एक बहुतेक वेळा संघातला सगळ्यात बुजरा असायचा. नियम सैल केला: ट्रायच्या आधी किमान तिघांच्या हाताला चेंडू लागलेला हवा, मुलगा असो की मुलगी. हा टिकला.

काय झालं

बाराव्या तासाला बाईंनी पुन्हा दहा मिनिटं मोजलं, एकाच मैदानावर, प्रत्येक संघात तीन मुलं आणि दोन मुली. मुलांच्या नावावर ३४, मुलींच्या नावावर १९. सहा जण मुलगे आणि चौघी मुली हे लक्षात घेतलं तर माणशी फरक थोडाच उरतो. संघ लहान आणि मैदान मोठं झाल्याने सगळ्यांच्याच वाट्याला चेंडू जास्त आला, हेही खरं. त्यामुळे या दोन मोजण्या शेजारी ठेवून फार मोठा निष्कर्ष काढता येणार नाही.

सातव्या तासानंतर डोक्यावर डोकं आपटण्याचा प्रकार झाला नाही. गुडघे खरचटले, आणि एका मुलाचं बोट मुरगळलं. त्याने फीत बोटाला गुंडाळून खुडली होती. त्या दिवसापासून फीत चिमटीत धरायची, गुंडाळायची नाही, हे सांगण्यात आलं. ते मला आधी सुचायला हवं होतं.

ती आई अकराव्या तासाला येऊन कुंपणापाशी उभी राहून पाहून गेली. मला काही बोलली नाही. बाईंना म्हणाली, “आता लांबनंच काढतात.”

सगळ्यांना खेळ आवडला असं नाही. कबड्डीच्या दोन मुलांनी सरळ सांगितलं, “पकड नाही तर मजा नाही, सर,” आणि शेवटचे दोन तास पंचगिरी केली. तीन-चार मुलींना चेंडूचा आकारच पसंत पडला नाही. कोणी विचारलं, हा खराखुरा खेळ आहे का, की तुम्ही काढलाय? त्यांना सांगितलं की सात-सात जणांची रग्बी २०१६च्या रिओ ऑलिंपिकपासून पुरुष आणि महिला दोघांसाठीही आहे, फक्त तिथे फिती नसतात, खरंच पाडतात. ते ऐकून कबड्डीवाल्या दोघांचे डोळे परत चमकले.

पुन्हा करायचं झालं तर

पहिला तास चेंडूशिवाय घेईन. फीत खुडणं आणि आपली पट्टी सांभाळणं हे दोन धडे आधी झाले असते तर तिसऱ्या तासाचा अपघात बहुधा टळला असता. आयतं आखलेलं मैदान दिसलं म्हणून वापरणार नाही, आधी रुंदीला बचाव करणाऱ्यांच्या संख्येने भागून पाहीन. पाच मीटरच्या खाली आलं की एक तर संघ लहान करायचा किंवा मैदान रुंद.

मुलींच्या ट्रायचे दोन गुण लावण्याआधी एकाही मुलीला विचारलं नव्हतं. गणवेशाचा आणि फितीच्या लांबीचा प्रश्नही पट्टे वाटण्याआधी बाईंना विचारला असता तर त्यांनी एका वाक्यात सांगितला असता.

एक गोष्ट बारा तासांत जमलीच नाही: टॅग झाला की बचाव करणाऱ्या संघाने चेंडूच्या मागे, आपल्या रेषेच्या बाजूला सरकायचं असतं. मुलं टॅग होताच जिथे असतील तिथून पुढच्या पासावर झडप घालायची, आणि पास अडवून पळत सुटायची. मी पंचांना ते न दिसल्यासारखं करायला सांगितलं, कारण तोही नियम लावला असता तर शिट्ट्यांचा पहिला दिवस परत आला असता. त्याची किंमत डावखुऱ्या मुलीने मोजली. शेवटच्या सामन्यात तिचे तीन चांगले पास अशाच पुढे उभ्या असलेल्यांनी अडवले आणि ती माझ्याकडे बघत राहिली. पुढच्या वर्षी हाच वर्ग आठवीत माझ्याकडे आहे. सुरुवात तिथूनच करायची आहे: टॅगचा आवाज आला की बचावातल्या सगळ्यांनी तीन पावलं उलटी चालायची, आधी चेंडूशिवाय.